विषय: सोमवारच्या मिनिट्समधली माझी चूक. मुद्दा ४ मधलं वाक्य सुषमाताईंचं नाही

नमस्कार,

सोमवारी, १६ तारखेला झालेल्या मीटिंगचे मिनिट्स मी मंगळवारी सकाळी सगळ्यांना पाठवले. त्यात मुद्दा ४ खाली मी असं लिहिलं होतं:

"सुषमाताई: गाड्या गेटवर उशिरा पोचतात त्या ड्रायव्हरांमुळे. त्यांना कट-ऑफचं गांभीर्य नाही."

सुषमाताई हे बोलल्या नाहीत. या अर्थाचंही काही बोलल्या नाहीत. ते त्यांच्या नावावर मी लिहिलं, आणि न तपासता पाठवलं. सुषमाताई, तुमची मी मनापासून माफी मागते. काल दुपारी तुमच्यासमोर बसून मागितलीच आहे, पण चुकीचं वाक्य सगळ्यांनी वाचलं, तेव्हा माफीही सगळ्यांसमोरच असायला हवी.

मीटिंगचं रेकॉर्डिंग नव्हतं. त्यामुळे काल मी सुषमाताई आणि सुनील दोघांशी वेगवेगळं बोलले आणि प्राचीच्या वहीतली टिपणं पाहिली. तिघांकडून एकच गोष्ट निघाली. ते वाक्य सुनीलच्या तोंडी आलं होतं, पण मतही त्याचं नव्हतं. तळोज्याच्या पार्टीचा शनिवारी त्याला जो फोन आला, त्यात काय म्हटलं गेलं ते तो आपल्याला सांगत होता. त्याचं पूर्ण वाक्य होतं: "गाड्या उशिरा पोचतात त्या ड्रायव्हरांमुळे, त्यांना कट-ऑफचं गांभीर्य नाही, असं पार्टीचं म्हणणं आहे." नेमकं त्याच वेळी शिपिंग लाइनचा फोन आला म्हणून मी बाहेर गेले. वहीत माझं लिखाण "गांभीर्य नाही" पाशी थांबलं. "असं पार्टीचं म्हणणं आहे" हे शब्द शेवटी आले, आणि तेच राहिले. पुढे नाव म्हणून मी फक्त "सु." लिहिलं होतं. रात्री कळव्याला घरी बसून टाइप करताना मी त्या "सु."चं सुषमाताई केलं, कारण ट्रान्सपोर्टचा विषय म्हणजे त्याच बोलल्या असणार असं मी धरून चालले. एका फोनवर विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही.

म्हणजे एका ओळीत दोन चुका झाल्या. माणूस बदलला, आणि दुसऱ्याचा आरोप आपल्या टीमचं मत म्हणून छापला गेला. फक्त नाव बदलून सुनीलचं टाकलं तर दुसरी चूक तशीच राहील आणि यावेळी ती त्याच्या माथी जाईल. सुनील, तुझीही माफी मागते.

सुषमाताई त्या मुद्द्यावर जे खरोखर बोलल्या ते माझ्या मिनिट्समध्ये एका शब्दानेही नव्हतं. ते इथे पूर्ण देते, त्यांनी वाचून होकार दिल्यानंतर.

शुक्रवारी रात्री तळोज्याहून निघालेली गाडी अडीच वाजता जेएनपीएच्या पार्किंग प्लाझात पोचली होती. कट-ऑफ शनिवारी दुपारी बारा. फॉर्म १३ ड्रायव्हरच्या हातात पडला अकरा वाजता. साडेआठ तास गाडी उभी होती, आणि मग रांगेत तासाभरात गेट होणं शक्यच नव्हतं. कंटेनर शटआउट झाला. सुषमाताईंचं म्हणणं होतं की ड्रायव्हर वेळेच्या कितीतरी आधी पोचला होता, म्हणून यापुढे फॉर्म १३ तयार असल्याशिवाय फॅक्टरीतून गाडी सोडायला सांगू नये. ड्रायव्हरला रात्रभर ताटकळत ठेवून सकाळी त्यालाच जाब विचारणं बरोबर नाही, असंही त्या म्हणाल्या.

आता मला सगळ्यात जड जाणारी गोष्ट. फॉर्म १३ अडकला होता कारण व्हीजीएममध्ये कंटेनर नंबराचा एक आकडा चुकला होता, आणि व्हीजीएम भरणं हे डॉक्युमेंटेशनचं, म्हणजे माझ्या डेस्कचं काम आहे. मीटिंगमध्ये मी हे मान्य केलं होतं. पण मिनिट्स वाचणाऱ्याला ते कुठेच दिसलं नसतं. उलट ड्रायव्हर दोषी, आणि तेही ट्रान्सपोर्ट बघणाऱ्या बाईंच्याच तोंडून, असं चित्र उभं राहिलं. माझ्या चुकीने माझ्याच डेस्कवरचा दोष झाकला गेला. मी ते मुद्दाम केलं नाही. तरी कोणाच्या मनात शंका आली असेल तर तिचा मला राग नाही, आणि ज्याला विचारायचं असेल त्याने सरळ मला विचारावं.

नेहमीप्रमाणे मी ती फाइल ट्रान्सपोर्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकली होती. तिथून ती ड्रायव्हरांपर्यंत गेली. मंगळवारी संध्याकाळी सुषमाताईंना तीन गाडीमालकांचे फोन आले. त्यातले एक नऊ वर्षांपासून आपल्याकडे गाड्या लावतात, ते एवढंच म्हणाले, "ताई, तुम्हीसुद्धा?" हे मला सुषमाताईंनी सांगितलं नाही, प्राचीकडून कळलं. रात्री दोन वाजताही ड्रायव्हरचा फोन उचलणाऱ्या आपल्या ऑफिसमध्ये त्या एकट्या आहेत. त्यांनी इतक्या वर्षांत जोडलेला विश्वास मी एका ओळीत दुखावला.

जे केलं आहे ते असं. त्या तिन्ही गाडीमालकांना आज सकाळी मी स्वतः फोन करून चूक माझी होती हे सांगितलं. ट्रान्सपोर्टरांच्या ग्रुपवर माझ्या नावाने खुलासा टाकला आहे. शुक्रवारी रात्रीच्या गाडीवर जे ड्रायव्हर होते त्यांच्याशीही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कागद वेळेवर द्या मॅडम, बाकी काही नाही." सरांना सगळी हकिगत कळवली आहे. तळोज्याच्या पार्टीला गाडी प्लाझात पोचल्याची वेळ आणि फॉर्म १३ ची वेळ आज मेलने जाईल, उशीर आमच्या कागदांमुळे झाला हे स्पष्ट लिहून.

दुरुस्त मिनिट्स सोबत जोडले आहेत. फाइलच्या नावात "सुधारित" असा शब्द आहे. मंगळवारची फाइल कृपया काढून टाका, आणि कोणाला पुढे पाठवली असेल तर त्यांना हा मेल जसाच्या तसा पाठवा. बाकीच्या मुद्द्यांत एकही शब्द बदललेला नाही. मुद्दा ४ एवढाच नव्याने लिहिला आहे, आणि त्याखाली आधी काय चुकीचं छापलं होतं तेही ठेवलं आहे, म्हणजे जुनी प्रत कोणाच्या हाती लागली तरी गोंधळ होणार नाही.

पुढच्या सोमवारपासून मी वहीत नावं पूर्ण लिहीन. ज्याच्या नावावर वाक्य जाणार आहे त्याला ते आधी वाचायला देईन, आणि सगळ्यांचा होकार आल्यावरच मिनिट्स पाठवीन. यात अर्धा दिवस जास्त जाईल. ऑफिसबाहेर मिनिट्स जाणार नाहीत, ट्रान्सपोर्टरांना फक्त त्यांच्या कामाचे मुद्दे वेगळे पाठवीन. फॉर्म १३ शिवाय गाडी न सोडण्याची सुषमाताईंची सूचना येत्या मीटिंगमध्ये पहिला विषय म्हणून घ्यावी अशी सरांना विनंती केली होती, ती त्यांनी मान्य केली आहे. व्हीजीएमचा नंबर दोघांनी तपासायचा, हे माझ्या डेस्कवर कालपासून सुरू झालं आहे.

मुद्दा ४ मध्ये अजूनही कोणाला काही वेगळं आठवत असेल, तर उद्या संध्याकाळपर्यंत सांगा. मी सहापर्यंत बेलापूरच्या ऑफिसमध्येच आहे.

मेघना
डॉक्युमेंटेशन