शुगर निघाली आहे: दवाखान्यातलं पहिलं बोलणं

या दादा, बसा. वहिनी, तुम्हीही आत या, दोघांनी ऐकलेलं बरं.

रिपोर्ट आले आहेत. तुम्हाला मधुमेह आहे, आपण ज्याला शुगर म्हणतो तो. उपाशीपोटी 162 आली, 126 किंवा त्याच्या वर गेली की मधुमेह धरतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी दुसरी तपासणी असते, ती 8.1 आहे, तिथे साडेसहापासून मधुमेह. दोन्ही तपासण्या एकच सांगतायत, म्हणजे लॅबची चूक नाही. आकडे पाठ करू नका, फाईलमध्ये आहेत.

काही विचारायचंय आत्ताच? ... हो, वडिलांचं लक्षात आहे माझ्या. पाय कापावा लागला होता त्यांचा. तुमच्या डोक्यात तेच चाललंय ना? मग आधी तेच बोलू. त्यांची शुगर किती वर्षं अंगात होती कुणालाच माहीत नव्हतं. तोवर पायाची जाणीव गेली, चप्पल चावली ती कळली नाही, जखम चिघळली. तुमचे पाय मी मघाशी तपासले, सुईचं टोक सगळीकडे कळतंय, नाडीही चांगली लागतेय. लघवीत प्रोटीन नाही, किडनीचा रिपोर्ट नीट आहे. म्हणजे वेळेत सापडलंय. वडिलांसारखंच होणार असं अजिबात नाही.

आता हे होतं काय, ते तुमच्याच भाषेत सांगतो. जेवलेल्या अन्नाची साखर होते आणि ती रक्तातून फिरते. ती साखर म्हणजे स्टँडवरचे प्रवासी समजा. गाडी लागलेली आहे, पण दार जाम झालंय, मग प्रवासी फलाटावरच तुंबणार. ते दार उघडायचं काम इन्शुलिन करतं. ते तुमच्या शरीरात आहे, पण त्याचं पूर्वीसारखं चालत नाही. म्हणून रक्तात साखर भरपूर आणि अंगात ताकद नाही. जास्तीची साखर लघवीवाटे जाते, सोबत पाणी ओढून नेते. रात्री तीनदा उठणं, घशाला कोरड, पॅन्ट ढिली होणं, सगळं त्यातलंच.

वहिनी, पेढे खाल्ले म्हणून झालं असं नाही. घराण्यात आहे, पोटाचा घेर वाढलाय, ड्यूटीमुळे जेवणाला वेळ नाही. कुणी कुणाला बोल लावायचा नाही.

गोळी एकच देतोय, मेटफॉर्मिन 500. सकाळी आणि रात्री, जेवण झाल्यावर लगेच. उपाशीपोटी नको. पहिले काही दिवस मळमळ होऊ शकते, पोट बिघडू शकतं, बहुतेकांचं आपोआप थांबतं. फारच त्रास झाला तर फोन करा, पण स्वतः बंद करू नका. आणि शुगर नॉर्मल आली तरी मला विचारल्याशिवाय सोडायची नाही, नॉर्मल ती गोळीमुळेच असते. इंजेक्शन आत्ता लागत नाही. कारल्याचा रस प्यायचा तर प्या, गोळीऐवजी नको.

खाण्याचं आज फक्त दोन गोष्टी. पहिली, चहा. ड्यूटीवर पाच-सहा कप होतात म्हणालात, प्रत्येकात दोन चमचे साखर. ती बंद. गूळ घातला तरी साखरच, मधही तसाच. दोनच कप, बिनसाखरेचे. आठवडाभर तोंड वाकडं होईल, मग सवय लागते. दुसरी, ताट. अर्धं ताट भाजी आणि काकडी-टोमॅटो, पाव ताट उसळ किंवा घट्ट वरण, उरलेल्या पाव ताटात भाकरी किंवा भात. ज्वारीची भाकरी चांगली, पण "भाकरीनं शुगर वाढत नाही" म्हणून तीन खायच्या नाहीत. एकादशीला साबुदाणा खिचडी नको, ती उपवासाच्या नावाखाली शुगर चढवते. दिवाळीला करंजी खायची की नाही ते दिवाळीच्या आधी बोलू.

रात्री जेवण झालं की पंधरा मिनिटं चाला. डेपोत उभं राहणं हे चालणं नव्हे.

बाकीचं आज सांगत नाही. डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासायचाय, तो या महिन्यात करू, सिस्टर चिठ्ठी देतील. घरी शुगर मोजायचं यंत्र लगेच घ्यायची घाई नाही.

पण सतत उलट्या, फार गळाठल्यासारखं होणं किंवा पायाला जखम, यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी यायचं. पंधरा दिवसांनी सकाळी उपाशीपोटी या. गोळी आणि नाश्ता रक्त दिल्यावर.

आता दादा, तुम्ही मला सांगा. घरी गेल्यावर आईंनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले, तर काय सांगाल? ... बरोबर. आणि गोळी कधी? ... जेवणाआधी नाही, जेवल्यावर. वहिनी हसतायत, म्हणजे त्यांच्या लक्षात राहिलंय.