टोकन ४७ दोघांकडे: लाँच फसला त्यात माझं काय चुकलं

एप्रिलमधल्या त्या सोमवारी पिंपळगावजवळच्या एका कांदा खरेदीदाराच्या खळ्यावर आमची टोकन सिस्टीम सुरू झाली आणि साडेआठला आम्ही ती बंद केली. टीमसाठी वेगळा रिपोर्ट दिलाय, हे माझ्यापुरतं लिहितोय कारण त्या रिपोर्टमध्ये "सिस्टीमवर लोड आला" असं वाक्य आहे आणि ते वाचून मला नीट झोप लागत नाहीये. लोड येणारच होता, उन्हाळ कांद्याची आवक सुरू झालेली आणि सकाळी सहा वाजता बुकिंग उघडणार हे मीच ठरवलं होतं.

आधी काय व्हायचं तर शेतकरी रात्रीच ट्रॅक्टर आणून रांगेत लावायचे. आता घरून मोबाईलवर टोकन घ्या, एसएमएसमधल्या वेळेला या, एवढंच. मला हे काम मनापासून आवडलेलं, माझे मामा असेच रात्र रात्र ट्रॉलीवर झोपलेत.

टोकन देणारा कोड माझा. त्यातला हा भाग:

```python
with db.transaction():
    token = create_token(farmer, slot)
    sms.send(farmer.phone, token.number)
```

दिसायला साधा आहे, पण एसएमएस ट्रान्झॅक्शनच्या आत पाठवतोय, म्हणजे मेसेज पुढे पोचवणाऱ्या गेटवेचं उत्तर येईपर्यंत डेटाबेसचं कनेक्शन अडकून राहतं. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, एसएमएस बनावट होता, लगेच ओके यायचं. सोमवारी गेटवे आठ-आठ सेकंद घेत होता. दोन सर्व्हर, प्रत्येकी दहा कनेक्शन, म्हणजे सेकंदाला अडीच टोकन. आणि पहिल्या दोन मिनिटांत जवळपास चारशे लोक आले. अॅप दहा सेकंद उत्तराची वाट बघून लगेच पुन्हा रिक्वेस्ट मारत होतं, ते रिट्रायही मीच टाकलेलं, मध्ये थांबा न ठेवता.

सहा वाजून दहा मिनिटांनी मी घाबरून दोनाचे बारा सर्व्हर केले. कुणाला विचारलं नाही. बारा गुणिले दहा एकशे वीस, आणि आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसची कनेक्शनची मर्यादा डीफॉल्ट शंभर, त्यातली तीन राखीव. लॉगमध्ये एकच ओळ धावत सुटली: `FATAL: remaining connection slots are reserved for roles with the SUPERUSER attribute`. हळू चाललेली सिस्टीम मी बंद पाडली. इतका साधा गुणाकार त्या वेळी डोक्यातच आला नाही.

पण खरं नुकसान वेगळंच झालं. गेटवेने एसएमएस पाठवला, पण तोवर आमच्याकडे टाइमआउट होऊन ट्रान्झॅक्शन मागे फिरलं. शेतकऱ्याच्या हातात टोकन नंबर, आमच्या टेबलमध्ये काहीच नाही. नंबर मी त्या दिवसाचा सगळ्यात मोठा आकडा घेऊन त्यात एक मिळवून देत होतो, त्यामुळे तोच नंबर पुढच्याला गेला. मुंबई नाक्यावरच्या ऑफिसातून निघून ओझर ओलांडून खळ्यावर पोचलो तेव्हा गेटवर दोन जण फोन पुढे धरून उभे होते, दोघांकडे ४७. त्यातले एक चांदवडकडून सकाळीच निघालेले. ते ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "साहेब, मेसेज तुमचाच आहे ना?" मी हो म्हणालो. त्यांच्या ट्रॉलीवरची ताडपत्री अजून सोडलेली नव्हती. मॅनेजरने जुनी वही काढली आणि साडेअकरापर्यंत हाताने नंबर लावून सगळ्यांच्या गाड्या आत घेतल्या.

वहीबद्दलही सांगायला हवं. पहिला आठवडा वही सोबत चालू ठेवू असं मीटिंगमध्ये सुचवलं गेलं होतं, मी म्हणालो दोन्ही ठेवलं तर लोक अॅप वापरणारच नाहीत. आणि टेस्टिंग करणाऱ्या ताईंनी मला सरळ विचारलं होतं की सहाला सगळे एकदम आले तर? मी "तेवढं झेपेल" म्हणून चेकलिस्टवर टिक केली. माझी लोड टेस्ट पन्नास युजरची, ती पण अर्ध्या तासात पसरवलेली. त्यांचा प्रश्न बरोबर होता, माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि ते मी कबूल केलं नाही. बुधवारी सगळ्यांसमोर हे सांगितलं आणि त्यांची माफी मागितली.

कोड आता बदललाय. ट्रान्झॅक्शनमध्ये टोकनसोबत एसएमएसची फक्त नोंद होते, ती पक्की झाल्यावर वेगळा वर्कर मेसेज पाठवतो. एका शेतकऱ्याला एका दिवसात एकच टोकन आणि एका दिवसात एक नंबर एकालाच, हे डेटाबेसच्या युनिक बंधनानेच अडवलंय. अॅप प्रत्येक रिट्रायला आधीपेक्षा जास्त थांबतं. नवीन टेस्टमध्ये बनावट एसएमएस मुद्दाम दहा सेकंद उशिरा उत्तर देतो आणि पाचशे जण एकाच मिनिटात येतात, ती टेस्ट ताईंनी लिहिलीय.

चांदवडच्या त्या काकांना मी फोन केला होता. डिझेलचं काय ते देतो म्हणालो, नको म्हणाले, पुढच्या वेळी तुम्ही गेटवर उभे राहा. परवा पुन्हा सुरू करतोय, वही चालू ठेवूनच, आणि साडेपाचला मी गेटवर असेन.