पणजोबा ऑनलाइन!

देवगडच्या घरात रेंज येते ती फक्त खळ्यातल्या माडाखाली. म्हणून आजोबांची खुर्ची आज तिथे. (वर सुका नारळ नाही ना, हे आजीने आधी बघून घेतलं!)

इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, आणि फोन थेट कानाला. त्यामुळे डब्लिनच्या पणतीला बराच वेळ पणजोबांचा नुसता कानच दिसला. 😄

फोन समोर धरला, तर आजोबा गप्प. एरवी ग्रामसभेत माईक न सोडणारा माणूस! शेवटी घसा खाकरून म्हणाले, "गो चेडवा, नाक मात्र आमच्याच घराण्याचा आसा!"

बाईसाहेबांनी मोठ्ठी जांभई दिली. आजोबांनी डोळे पुसले, खिशातून शंभराची नोट काढून स्क्रीनला लावली. "घे, खाऊक."

नोट आता माझ्याकडे. कुरियर करायची म्हणतायत. ❤️

#पणजोबा #पणती #देवगड