लोकलच्या गर्दीतून घरी आल्यावर, झोपायच्या आधी

आलात ना घरी... बॅग तिकडेच राहू दे, डबा सकाळी घासता येईल. पाठीवर पडा, पंखा लावलाय ना, मग झालं.

डोळे मिटा. हळूच.

आता नाकाने श्वास आत... एक, दोन, तीन, चार... आणि सोडा... एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सोडताना जरा जास्त वेळ घ्यायचा, श्वास लांब सोडला की छातीतली धडधड आपोआप मंद होते, तुम्हाला काही करायचं नाहीये. चुकलं मोजताना तरी चालेल, मी पण चुकते.

पुन्हा आत... आणि सोडा. काही घाई नाही.

उजव्या हाताकडे लक्ष न्या, दीड तास वरची कडी धरून उभा होता तो हात, बोटं अजून वळलेलीच असतील बघा... मूठ घट्ट आवळा... अजून थोडी... आणि सोडून द्या. सैल. एकदम सैल. तळहातात ऊब येतेय, येऊ दे.

आता खांदे कानाकडे उचला... धरा... आणि सोडा. सैल. एकदम सैल. काही घाई नाही.

जबडा पण सैल, दातावर दात नकोत, जीभ नुसती पडू दे.

उद्याची मीटिंग आठवली? आठवू दे, ते स्टेशन आलं आणि गेलं, आपल्याला उतरायचं नाहीये.

पाय जड... गादीत रुतलेले... पंख्याचा आवाज... श्वास आत... आणि सोडा...

काही घाई नाही...

सैल... एकदम सैल...