पहिला इनहेलर: सदाशिव पेठेतल्या औषधांच्या काउंटरवरून

"काकू, हा ब्युडेसोनाइडचा पंप, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पफ. नवा आहे, आधी हवेत फवारून घेऊ. टोपण काढा, हलवा, श्वास पूर्ण सोडा. पंपाचं तोंड ओठांत घट्ट धरून सावकाश आत ओढायला लागा, लगेच दाबा. मग दहा अंक श्वास रोखा. मी नीट सांगितलं का ते कळायला करून दाखवता?"

(आधी दाबतात, मग ओढतात. बहुतेकांचं इथंच चुकतं, घाई नको.)

"असं औषध घशातच बसतं. ओढता ओढता दाबा... आता जमलं! दुसरा पफ अर्ध्या मिनिटानं, पुन्हा हलवून. शेवटी चूळ, तोंडात बुरशी धरू नये म्हणून. चुळीचं पाणी?"

"थुंकायचं."

"बरोबर. अचानक धाप लागली तर हा नाही, डॉक्टरांनी दिलेला साल्ब्युटामॉलचा निळा पंप. आता काकांना घरी कसं सांगाल, दोन्ही पंपांचं?"