केमिस्ट्री प्रॅक्टिकल: अख्खं मॅन्युअल थोडक्यात (बारावी, बी बॅच)

सोमवारी आपली बॅच आहे म्हणून काल बसून पूर्ण मॅन्युअल आणि जर्नल एकत्र काढलं. थिअरी, एम, अपॅरेटस सगळं उडवलंय, फक्त काय करायचं, काय दिसेल आणि कुठे जपायचं तेवढंच ठेवलंय. टायट्रेशन मुद्दाम मोठं लिहिलंय कारण ते सगळ्यांनाच येणार आणि तिथेच चुका होतात.

टायट्रेशन (KMnO4 आणि ऑक्झॅलिक ॲसिड)

ब्युरेट आधी पाण्याने मग KMnO4 ने, पिपेट ऑक्झॅलिकने, पण कोनिकल फ्लास्क फक्त डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा, कारण त्यात ऑक्झॅलिकचे थेंब राहिले तर रीडिंग जास्त येतं. व्हायवाला हे हमखास विचारतात. ब्युरेट भरली की फनेल काढा आणि खालच्या नोझलमधली हवा घालवा.

10 मिली ऑक्झॅलिक फ्लास्कमध्ये, त्यात साधारण तेवढंच डायल्यूट H2SO4, मग 60 ते 70 डिग्रीपर्यंत गरम. उकळायचं नाही, ऑक्झॅलिक तुटतं. गरम असतानाच टायट्रेट करा, फ्लास्क सतत फिरवत ठेवा. पहिले काही थेंब गुलाबी राहतात आणि रंग जायला वेळ लागतो, तो एंड पॉइंट नाही, थांबा. थोडं Mn2+ तयार झालं की तेच कॅटॅलिस्टचं काम करतं आणि पुढे रंग पटापट जातो. शेवटी एका थेंबाने फिक्का गुलाबी आला आणि अर्धा मिनिट टिकला की एंड पॉइंट. गडद गुलाबी झाला म्हणजे पुढे गेलात, ते रीडिंग धरू नका.

KMnO4 गडद आहे, खालचा मेनिस्कस दिसत नाही, म्हणून वरचा वाचायचा, डोळा त्याच लेव्हलला.

प्रिलिमला माझ्या फ्लास्कमध्ये चॉकलेटी गढूळ आलं होतं, मला वाटलं सोल्युशनच खराब आहे, पण मी ॲसिड घालायला विसरले होते आणि MnO2 पडलं होतं. तसं दिसलं तर वेळ न घालवता पुन्हा नवीन घ्या. H2SO4 च्या जागी HCl चालत नाही, KMnO4 त्याचं पण ऑक्सिडेशन करतं.

कॅल्क्युलेशन: ऑक्झॅलिक 0.05 M आणि सीबीआर 9.8 आला तर

```
5 × M × 9.8 = 2 × 0.05 × 10
M = 0.0204
```

याला 158 ने गुणा, 3.22 ग्रॅम प्रति लिटर. मोहर सॉल्ट आलं तर बाकी सगळं तसंच पण गरम अजिबात करायचं नाही, हवेने Fe2+ चं Fe3+ होतं, आणि गणितात 2 च्या जागी 1.

सॉल्ट

आधी रंग बघा, निळं असेल तर पहिला डाउट Cu. डायल्यूट HCl ने फसफस आणि गॅसने चुन्याची निवळी दुधाळ झाली तर कार्बोनेट. AgNO3 ने पांढरा पीपीटी जो NH4OH मध्ये विरघळतो तो क्लोराइड, फिक्का पिवळा आणि जेमतेम विरघळणारा ब्रोमाइड, पिवळा आणि न विरघळणारा आयोडाइड. BaCl2 ने पांढरा, HCl मध्ये तसाच राहिला तर सल्फेट.

नायट्रेटची ब्राउन रिंग: FeSO4 ताजं करून घ्या, टेस्ट ट्यूब तिरकी धरून कॉन्क H2SO4 कडेने हळू सोडा आणि मग हलवू नका. हलवली की रिंग गेलीच.

NH4+ ची टेस्ट मूळ सॉल्टवरच आणि सगळ्यात आधी, कारण पुढे ग्रुपसाठी आपणच NH4Cl घालतो. NaOH घालून गरम केलं की अमोनियाचा वास, ओला लाल लिटमस निळा. Pb ला KI ने पिवळा, Cu ला जास्त NH4OH ने गडद निळं, Fe3+ ला K4[Fe(CN)6] ने प्रशियन ब्लू, Al ला पांढरा जेलीसारखा, Ba ला K2CrO4 ने पिवळा. फ्लेम: Ba सफरचंदी हिरवी, Sr किरमिजी, Ca विटकरी.

ऑरगॅनिक

NaHCO3 ने बुडबुडे, ॲसिड. न्यूट्रल FeCl3 ने जांभळा, फिनॉल. 2,4-डीएनपी ने केशरी-पिवळा पीपीटी म्हणजे आल्डिहाइड किंवा कीटोन, त्यातून टोलेन्सने चांदीचा आरसा आला तर आल्डिहाइड. टोलेन्स वॉटर बाथमध्येच गरम करा, थेट बर्नरवर नाही, आणि झालं की लगेच सर सांगतील तिथे टाका, साठवलेलं टोलेन्स स्फोटक होतं. अमाइनची डाय टेस्ट बर्फात, 0 ते 5 डिग्री, नाहीतर डायझोनियम तुटतं आणि लालसर-केशरी रंग येतच नाही.

हे मात्र कुणीही टाळू नका

तोंडाने पिपेट ओढू नका, बल्ब मागून घ्या. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. गरम करताना टेस्ट ट्यूबचं तोंड शेजारणीकडे नको. वास घेताना हाताने वारा घेऊन. फिनॉल कातडी भाजतं आणि सुरुवातीला दुखत पण नाही, म्हणून थेंब जरी पडला तरी नळाखाली भरपूर पाण्याने धुवा आणि सरांना सांगा, मार्क जातील म्हणून लपवू नका. केस बांधून, ओढणी ॲप्रनच्या आत.