वायफायच्या नव्या पासवर्डबद्दल

वहिनी,

बेल वाजवून विचारणारच होते, पण तुम्ही दोघं सध्या उशिरा येता आणि दमून आलेल्या माणसाला दारातच वायफायचं गाऱ्हाणं सांगणं बरं दिसत नाही. म्हणून ही चिठ्ठी. सवडीने वाचा, घाई अजिबात नाही.

काल दुपारपासून तुमचं वायफाय आमच्याकडे लागत नाहीये. आधी वाटलं, इंटरनेटच गेलं असेल. पण तसं असतं तर फोन वायफायला जोडलेला दिसतो आणि नुसतं ‘इंटरनेट नाही’ असं म्हणतो. इथे नेटवर्कचं नाव दिसतंय, रेंजच्या काड्याही पूर्ण आहेत, पण फोन पुन्हा पासवर्ड मागतो आणि नेहमीचा घातला की नाही म्हणतो. लॅपटॉपवर `Can't connect to this network` एवढंच येतं. तेव्हा तुम्ही पासवर्ड बदललेला दिसतोय. राउटर बिघडलेला नाही, त्यामुळे कंपनीच्या माणसाला बोलवायची गरज पडू नये.

आता मुद्द्याचं. पासवर्ड मुद्दाम बदलला असेल आणि यापुढे वायफाय तुमच्या घरापुरतंच ठेवायचं असेल, तर तसं अगदी मोकळेपणाने सांगा. कनेक्शन तुमच्या नावावर आहे. आमच्या एखाद्या फोनवरून काही भलतंसलतं झालं, तर विचारणा तुमच्याकडेच होणार, ही गोष्ट मला कळते. कारण सांगायचीही गरज नाही, आणि या महिन्याचा आमचा अर्धा वाटा परत करायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. आम्ही आमचं वेगळं कनेक्शन घेऊ. ते लागेपर्यंत फोनच्या डेटावर भागतंय. गुरुवारी माझी ऑफिसची मीटिंग आहे, तीही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होऊन जाईल. आपल्या येण्याजाण्यात यामुळे तसूभरही फरक पडणार नाही.

आणि नुसताच बदलला असेल, म्हणजे पासवर्ड फार जणांना ठाऊक झाला होता किंवा नेट हळू चालतंय असं वाटलं म्हणून, तर चांगलंच केलंत. मग नवा पासवर्ड आम्हाला दिलात तर बरं होईल. आमच्याकडे काय काय जोडलेलं होतं तेही सांगून ठेवते: आमचे दोघांचे फोन, माझा लॅपटॉप, मुलाचा टॅब आणि प्रिंटर. राउटरच्या यादीत याहून जास्त अनोळखी नावं दिसत असतील, तर ती आमची नाहीत.

एक सुचवू का? पटलं तरच करा. बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ नावाची सोय असते. त्याचं नाव वेगळं, पासवर्डही वेगळा. आम्हाला तेवढंच उघडून दिलंत, तर तुमचा मुख्य पासवर्ड तुमच्या घरातच राहील. एरवी एकाला काढायचं म्हटलं की सगळ्यांचाच पासवर्ड बदलावा लागतो आणि मग घरातली एकेक वस्तू पुन्हा जोडत बसा. गेस्ट असलं की कधी वाटलं तर नुसतं आमचं बंद करता येतं, तुमच्या घरात कुणाचं काही अडत नाही. शिवाय गेस्टवरच्या फोनला सहसा फक्त इंटरनेट मिळतं. तुमचा टीव्ही, लॅपटॉप, त्यातल्या फाइली त्याला दिसत नाहीत. खरं सांगायचं तर मलाही तेच जास्त बरं वाटेल. मुलगा टॅबवर काय काय दाबतो यावर माझं चोवीस तास लक्ष नसतं, आणि त्याच्या हातून एखाद दिवशी आमचे व्हिडिओ तुमच्या टीव्हीवर सुरू व्हायला नकोत!

हे राउटरच्या ॲपमधून होतं, किंवा राउटरच्या पाठीवर किंवा खाली स्टिकरवर जो पत्ता छापलेला असतो तो ब्राउझरमध्ये टाकून. बऱ्याच राउटरवर तो `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` असतो. तिथे जो पासवर्ड मागतात तो वायफायचा नव्हे, राउटरच्या सेटिंगचा असतो. यात भलेभले अडकतात. भाऊजींना वेळ नसेल तर मी येऊन बसते शेजारी, पासवर्ड तुम्हीच टाका.

नवा पासवर्ड द्यायचा झाला तर सगळ्यात सोपं म्हणजे तुमच्या फोनवर वायफायच्या सेटिंगमध्ये ‘शेअर’ करून जो चौकोनी क्यूआर कोड येतो, तो मला दारातच दाखवा. मी स्कॅन करीन की झालं. फक्त त्या कोडचा फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर पडू देऊ नका. पासवर्ड त्या चौकोनातच असतो, ज्याच्या हातात फोटो जाईल त्याला तो मिळतो. प्रिंटरला मात्र स्कॅन जमत नाही, त्याला अक्षरं एकेक करून भरावी लागतात. म्हणून पासवर्ड कागदावरही लिहून दिलात तर कॅपिटल अक्षरांखाली रेघ मारा, आणि शून्य कुठे नि ओ कुठे तेवढं कळेल असं लिहा. काम झालं की कागद फाडून टाकीन.

प्रिंटरवरून आठवलं. पासवर्ड बदलताना सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-३ निवडलं गेलं असेल, तर आमच्या जुन्या प्रिंटरला बरोबर पासवर्ड दिला तरी तो जोडला जाणार नाही, त्याला डब्ल्यूपीए-२ च कळतं. दोन्ही चालतील असा एक पर्याय बऱ्याच राउटरमध्ये असतो. पण आमच्या प्रिंटरसाठी तुमची सेटिंग बदलू नका, मी वायरने छापीन. फोन आणि लॅपटॉप चालले तरी पुष्कळ झालं.

मी रोज संध्याकाळी सातनंतर घरीच असते. उत्तर हो असो वा नाही, चिठ्ठी दाराखालून सरकवलीत तरी चालेल.

शेजारची,
मीनल

ता. क. तुमच्या दारावरच्या कॅमेऱ्याचा दिवा कालपासून सारखा लुकलुकतोय, एरवी तो नुसता लागलेला असतो. तोही बहुधा जुनाच पासवर्ड धरून बसलाय. रेकॉर्डिंग चालू आहे असं समजून राहू नका, त्याच्या ॲपमध्ये जाऊन नवा पासवर्ड तेवढा भरा. काही कॅमेरे रीसेट करून नव्यानेच जोडावे लागतात, आणि बटण वरच्या बाजूला असलं तर स्टूल लागेल. आमचं उंच स्टूल दाराबाहेरच ठेवलंय, हवं तेव्हा न्या.